अर्जाच्या रकान्यांतले संशोधन

पदव्युत्तर वैद्यकीय शिक्षणासाठी आलेला विद्यार्थी आपल्या प्रबंधाचा जो आराखडा, म्हणजे महाविद्यालयाच्या रोजच्या बोलीतला सिनॉप्सिस, तयार करतो, तो लिहिताना त्याच्या डोळ्यांसमोर मार्गदर्शक, विभागप्रमुख आणि नाशिकचे आरोग्य विज्ञान विद्यापीठ एवढेच वाचक असतात. त्यामुळे प्रस्तावना, पूर्वसाहित्याचा परामर्श, उद्दिष्टे, साहित्य व पद्धती, नमुन्याचा आकार, संख्याशास्त्र आणि संदर्भसूची या ठरलेल्या शिरस्त्याने तो आपला विषय मांडतो, आणि अखेरीस परिशिष्टात कोठूनतरी नक्कल करून आणलेले एक संमतिपत्र जोडून मोकळा होतो. हाच आराखडा पुढे नैतिकता समितीपुढे रुजू करावयाचा असतो, मग ती समिती नांदेडजवळ विष्णुपुरीच्या डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाची असो की लातूरच्या विलासराव देशमुख शासकीय वैद्यकीय विज्ञान संस्थेची असो. तेथे वाचकच बदलतो. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या नियमावलीप्रमाणे अशा समितीत सात ते पंधरा सभासद असतात. अध्यक्ष संस्थेबाहेरचा असतो, निदान निम्मे सभासद बाहेरचे असतात, आणि वैद्यकांच्या जोडीला एक कायदा जाणणारा, एक समाजशास्त्राचा अभ्यासक आणि कोणतीही वैद्यकीय पदवी नसलेला एक सामान्य नागरिक बसतो. विद्यार्थ्याने कोणती संख्याशास्त्रीय कसोटी निवडली यात त्या सामान्य नागरिकाला फारसे स्वारस्य नसते. प्रश्न विचारण्यासाठी कोणाच्या दारात कोण जाणार आहे, आणि दारातल्या माणसाने नाही म्हटले तर पुढे काय होणार, हे मात्र त्याला समजून घ्यावयाचे असते.

वाचक बदलला की लेखनाची रचनाही बदलावी लागते, ही गोष्ट उघड असली तरी ती क्वचितच पाळली जाते. बहुतेक अर्जदार आराखड्यातले परिच्छेद जसेच्या तसे उचलून अर्जाच्या रकान्यांत भरतात. जेथे रकाना आराखड्यात नसलेली बाब विचारतो तेथे ‘लागू नाही’ असे लिहितात. आणि अर्ज शंकांसह परत आला म्हणजे समिती संशोधनाच्या वाटेत आडवी येते अशी तक्रार करतात. माझे मत असे की यातले पुष्कळसे अर्ज परत येतात ते विषय गैर असल्यामुळे नव्हे, तर आराखडा, अर्ज आणि संमतिपत्र या तीन दस्तऐवजांत तीन निरनिराळ्या अभ्यासांचे वर्णन आढळते म्हणून.

हा अर्ज आला कोठून, हे थोडक्यात सांगितले पाहिजे. दुसऱ्या महायुद्धातील छळछावण्यांत झालेल्या प्रयोगांवर चाललेल्या खटल्यातून १९४७ साली न्युरेंबर्गची संहिता निघाली आणि १९६४ साली जागतिक वैद्यक संघटनेने हेलसिंकी येथे आपले घोषणापत्र मंजूर केले. आपल्याकडे आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने १९८० मध्ये धोरणनिवेदन प्रसिद्ध केले, २००० व २००६ मध्ये मार्गदर्शक सूत्रे दिली, आणि सध्या प्रमाण मानली जाणारी सूत्रे २०१७ ची आहेत. सामाजिक अंगाच्या आरोग्यसंशोधनासाठी मुंबईच्या सेहत या संस्थेच्या पुढाकाराने २००० साली वेगळी सूत्रे तयार झाली होती, हे श्रेय महाराष्ट्राचे. २०१९ हे वर्ष मात्र निर्णायक ठरले. नव्या औषधांविषयीच्या त्या वर्षीच्या नियमांनी केवळ औषधचाचण्याच नव्हे, तर सर्व जैववैद्यकीय व आरोग्यविषयक संशोधन तपासणाऱ्या समित्यांना नोंदणी सक्तीची केली, आणि परिषदेने देशभरच्या समित्यांसाठी अर्जांचे सामाईक नमुने काढले. प्रथम पडताळणीच्या नमुन्याचे पाच विभाग आहेत: प्रशासकीय व आर्थिक तपशील, संशोधनाची माहिती, सहभागी व्यक्तींसंबंधीची माहिती, प्रकाशन व लाभवाटपाचे प्रश्न, आणि शेवटी प्रतिज्ञापन व कागदांची यादी. वजन कोठे आहे ते पाहण्यासारखे आहे. आराखड्याचा जो गाभा, तो येथे दुसऱ्या विभागात आटोपतो. सहभागींची निवड, लाभ व जोखीम, संमती, मोबदला व नुकसानभरपाई, माहितीची साठवण व गोपनीयता हे सारे तिसऱ्या विभागात स्वतंत्र मथळ्यांखाली विचारले जाते, आणि आराखड्यात त्यासाठी बहुधा एखादे वाक्यही नसते.

एक उदाहरण शेवटपर्यंत नेऊन पाहू. ते कल्पित आहे, पण अशा तऱ्हेचे विषय नांदेड व लातूर या दोन जिल्ह्यांत सहज सुचतात. समजा, लातूरच्या एका विद्यार्थिनीने ‘आत्महत्याग्रस्त शेतकरी कुटुंबांतील स्त्रियांमध्ये नैराश्याचे प्रमाण’ हा विषय घेतला असून औसा व निलंगा या तालुक्यांत ती घरोघर जाऊन मुलाखती घेणार आहे. नैराश्य मोजण्यासाठी पीएचक्यू-९ ही नऊ प्रश्नांची प्रचलित प्रश्नावली तिने निवडली आहे. प्रत्येक प्रश्नाला शून्य ते तीन गुण, एकूण सत्तावीस, आणि दहा व त्यावरील गुणांस पुढील तपासणीची गरज, असा तिचा हिशेब असतो. प्रमाण अदमासे तीस टक्के धरून आणि त्याच्या एकपंचमांश, म्हणजे सहा, इतकी चूक ग्राह्य मानून 4pq/L² या सूत्राने तिने ४ × ३० × ७० ÷ ३६, म्हणजे सुमारे २३४ स्त्रिया असा नमुना काढला आहे. पद्धतीच्या प्रकरणात तिचे मुख्य वाक्य असे आहे: ‘तालुक्यातील नोंदींवरून निवडलेल्या २३४ स्त्रियांची संमती घेऊन त्यांच्या घरी प्रशिक्षित मुलाखतकाराकरवी मुलाखत घेतली जाईल.’

आराखडा म्हणून हे वाक्य निर्दोष आहे. अर्ज भरताना याच वाक्याचे तुकडे करावे लागतात, कारण निवडीच्या एकाच मथळ्याखाली समितीला त्यातून अनेक उत्तरे हवी असतात. नोंदी कोणाच्या, तहसील कचेरीच्या की पोलीस ठाण्याच्या, आणि त्या देण्याचा अधिकार कोणाचा? या नोंदींतली नावे मदतीच्या प्रकरणासाठी घेतलेली आहेत. त्या स्त्रीने आपले नाव संशोधकाला कळावे अशी परवानगी कधीच दिलेली नाही. म्हणून सरळ यादी मागून घेण्याऐवजी, कचेरीतून किंवा आरोग्यकेंद्रातून आधी तिला विचारणा व्हावी आणि तिने होकार दिल्यावरच तिचा पत्ता विद्यार्थिनीला कळावा, असा मार्ग सुचवावा लागतो. मग पहिली विचारणा कोण करणार? आशा कार्यकर्ती हे सोयीचे उत्तर, पण गावात औषधापासून बाळंतपणापर्यंत जिच्यावाचून अडते तिला नकार देणे त्या स्त्रीला अवघड जाते. तेव्हा आशाताईंनी केवळ चिठ्ठी पोचवावी, संमती घेऊ नये, आणि मुलाखतीच्या वेळी तेथे बसू नये, असे स्पष्ट लिहिणे भाग आहे. मुलाखत घरी असेल तर घरात दुसरे कोण असणार? सासरे ओसरीवर बसलेले असताना सून आपल्या मनातले काय सांगणार? त्यासाठी उपकेंद्रातली खोली, शेत किंवा शेजारणीचे घर यांपैकी जागा निवडण्याचा अधिकार तिला दिला पाहिजे. आणि वेळ कोणती? मृगाच्या पेरणीत किंवा सोयाबीनच्या काढणीत पाऊण तास मागणे म्हणजे मजुरी बुडवणे होय. वर्षश्राद्धाच्या सुमारास जाणे तर त्याहून वाईट. या प्रत्येक प्रश्नाचे उत्तर विद्यार्थिनीच्या मनात कदाचित असेलही, पण ते कागदावर आले नाही तर समितीपुढे ते नाहीच.

आराखड्यातील काही भाग आखडतो, हेही लक्षात घेतले पाहिजे. पूर्वसाहित्याची आठ पाने अर्जात लागत नाहीत. त्यातून एवढेच काढून घ्यावयाचे की हा प्रश्न पूर्वी विचारला गेला आहे काय, आणि गेला असेल तर त्याच माणसांना पुन्हा त्रास देण्याचे कारण काय. मराठवाड्यात हा प्रश्न औपचारिक नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारीच्या भूकंपानंतर वाचलेल्या लोकांच्या मनःस्थितीचे अभ्यास झाले आणि त्यांतला एक १९९६ साली अमेरिकेच्या मानसोपचार नियतकालिकात प्रसिद्धही झाला. आपत्तीने गाजलेले गाव संशोधकांना पुनःपुन्हा बोलावते आणि तेथील माणसे तीच राहतात. नमुन्याचा आकडाही येथे निव्वळ गणित राहत नाही. २३४ ऐवजी ६० स्त्रियांवर भागवले तर उत्तर इतके ढोबळ येईल की त्या साठजणींना उगाच रडवले असे होईल, आणि हाताशी वेळ आहे म्हणून ५०० घेतल्या तर निम्म्याहून अधिक जणींना कारणावाचून जुन्या जखमेकडे न्यावे लागेल. नकार देणाऱ्यांची सवड धरून २६० जणींशी संपर्क साधू, असे एक वाक्य पुरेसे आहे. याच ठिकाणी एक जुनी खोड दिसते: वगळण्याच्या निकषांत ‘संमती न देणाऱ्या व्यक्ती’ असे लिहिण्याची. नकार देणारी स्त्री अपात्र नसते. ती पात्र असून तिने नकार दिलेला असतो, आणि नकारांचा आकडा वेगळा नोंदला नाही तर कोणत्या घरांनी दारे मिटली हे निष्कर्ष वाचणाऱ्याला कधीच कळत नाही.

अर्जात वैद्यकेतर सभासदासाठी तीनशे शब्दांच्या आत सोप्या भाषेतला सारांश मागितलेला असतो. तो प्रस्तावनेचा संक्षेप नव्हे. काय करणार, कोणाबरोबर करणार आणि त्यांचे काय होणार, एवढे त्यात यावे. ज्याला हा सारांश मराठीत लिहिता येत नाही त्याला संमतीचे माहितीपत्रकही लिहिता येणार नाही, असे खुशाल समजावे.

आता जोखमीचा विभाग. येथे विद्यार्थी जितक्या सहजतेने ‘जोखीम नाही’ या चौकटीत खूण करतात तितकी सहजता अन्यत्र आढळत नाही, आणि कारण विचारले तर उत्तर ठरलेले: आम्ही रक्त काढत नाही, सुई टोचत नाही. परिषदेच्या २०१७ च्या सूत्रांत जोखमीच्या चार पायऱ्या आहेत: किमानाहून कमी, किमान, किमानाहून किंचित अधिक, आणि त्याहून मोठी. यातले ‘किमान’ म्हणजे माणसाला रोजच्या जगण्यात किंवा नेहमीच्या तपासणीत जेवढा त्रास संभवतो तेवढा. पती गमावलेल्या स्त्रीला, तिच्या अंगणात, अनोळखी माणसाने गेल्या दोन आठवड्यांत मरून जावेसे वाटले काय, असे विचारणे तिच्या रोजच्या जगण्यात बसत नाही. आणि पीएचक्यूचा नववा प्रश्न नेमका तोच आहे. म्हणून ही जोखीम किमानाहून किंचित अधिक अशी नोंदवावी, सहभागी दुर्बल गटातल्या आहेत असे कबूल करावे आणि प्रस्ताव पूर्ण समितीपुढे जाईल हे गृहीत धरावे. शीघ्र पडताळणी मिळावी म्हणून जोखीम कमी लिहिण्याचा मोह होतो खरा. पण जाणता चिटणीस प्रश्नावलीचे पान उलटतो आणि नवव्या प्रश्नापाशी थांबतो.

शारीरिक नव्हे म्हणून जोखीम संपली नाही, तशीच ती केवळ मनाचीही नसते. आपल्या राज्यात शेतकरी आत्महत्येच्या प्रकरणात कुटुंबाला मिळणारी शासकीय मदत प्रकरण ‘पात्र’ ठरल्यावरच मिळते, आणि पात्र की अपात्र याचा निर्णय जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील समिती कर्ज, नापिकी आदी कारणे तपासून करते. आता कल्पना करा, विद्यार्थिनीच्या प्रश्नावलीत घरातील भांडणे, दारू, आजार यांविषयी प्रश्न आहेत. त्या स्त्रीने खरे सांगितले आणि ते कागद कोणाच्या हाती पडले, तर ‘अपात्र’ ठरण्याची धास्ती तिला वाटणारच. आणि खोटे सांगितले तर अभ्यास वाया गेला. म्हणजे येथे सामाजिक व आर्थिक जोखीम प्रश्नावलीच्या पोटातच बसलेली आहे, आणि ती विभागात लिहिली पाहिजे. तिच्यावरचा उपाय पुष्कळदा प्रश्न काढून टाकणे हाच असतो. नैराश्याचे प्रमाण मोजण्यास मृत्यूच्या कारणाची चौकशी लागतच नाही. ती विद्यार्थिनीच्या कुतूहलापोटी आलेली असते. उद्दिष्टाला न लागणारा प्रत्येक प्रश्न ही कारणावाचूनची जोखीम होय, आणि आराखड्याची पुनर्रचना करताना जर प्रश्नावली लहान झाली नाही, तर पुनर्रचना झालीच नाही असे मी म्हणेन.

उरलेल्या जोखमीची व्यवस्था लिहिताना ‘आवश्यकता भासल्यास समुपदेशन दिले जाईल’ हे वाक्य आढळते. त्याला अर्थ नाही. आवश्यकता कोणाला भासणार, समुपदेशन कोण देणार, किती वेळात, कोठे, आणि येण्याजाण्याचे भाडे कोणाच्या खिशातून? आपल्या उदाहरणात हा परिच्छेद पुढीलप्रमाणे व्हावा. नवव्या प्रश्नाला शून्याखेरीज कोणतेही उत्तर आले, मग एकूण गुण कितीही असोत, की मुलाखत तेथेच थांबवावी आणि विचार केवळ मनात येतो की काही बेत ठरला आहे हे शांतपणे विचारावे. बेत असल्यास तिला एकटी सोडू नये. तिच्याच सल्ल्याने घरातल्या विश्वासाच्या माणसाला बोलावावे, त्याच दिवशी मानसोपचार विभागातील ठरलेल्या डॉक्टरांशी दूरध्वनीवर बोलणे व्हावे आणि वाहन अभ्यासाच्या खर्चातून मिळावे. बेत नसल्यास ठरावीक दिवसांत भेटीची वेळ, तिला न जमल्यास विद्यार्थिनीने पुन्हा जाणे, आणि टेलिमानसचा १४४१६ हा विनामूल्य क्रमांक लिहून देणे. विभागातील त्या डॉक्टरांचे लेखी मान्यतापत्र जोडावे, नाहीतर कागदावरचा डॉक्टर ऐनवेळी रजेवर निघतो. औसा लातूरला लागून आहे म्हणून ‘जवळच्या रुग्णालयात पाठवू’ हे तेथे एक वेळ खपेल. पण हाच अभ्यास नांदेड जिल्ह्यात किनवट किंवा माहूरच्या वाडीवर न्यायचा असेल तर जिल्ह्याच्या गावी पोचण्यात दिवस मोडतो, आणि तेथे व्यवस्था तालुक्यालाच उभी करावी लागते, किंवा ती उभी होत नसेल तर तो तालुका अभ्यासातून वगळावा लागतो. दिवसाला चार-पाच अशा मुलाखती घेणाऱ्या मुलाखतकाराचेही मन असते. रोजच्या मुलाखतींना मर्यादा घालणे हीसुद्धा जोखमीची व्यवस्थाच.

लाभाच्या रकान्यात सौजन्यापोटी पुष्कळ लिहिण्याची प्रवृत्ती असते. सहभागी स्त्रीला थेट लाभ नाही, समाजाला पुढे अप्रत्यक्ष लाभ संभवतो, एवढेच येथे खरे आहे. बुडालेल्या मजुरीची भरपाई हा लाभ नव्हे, ती मोबदल्याच्या रकान्यात जाते, आणि तिची रक्कम इतकी असू नये की केवळ तिच्यासाठी कोणी नको असताना होकार देईल. अभ्यासात भाग न घेणाऱ्याला काय उपलब्ध आहे, हाही प्रश्न याच सुमारास येतो आणि त्याची किंमत शेजारच्या जिल्ह्याने दाखवली आहे. तेव्हाच्या उस्मानाबाद, आताच्या धाराशिव जिल्ह्यात टाटा स्मारक रुग्णालय व बार्शीचे नर्गिस दत्त कर्करोग रुग्णालय यांच्या सहभागाने गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या तपासणीची जी मोठी चाचणी झाली, तिच्यात १,३१,७४६ स्त्रिया चार गटांत वाटल्या होत्या, आणि चौथ्या गटाला आरोग्यशिक्षणापलीकडे तपासणी दिली गेली नव्हती. २००९ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले तेव्हा विषाणूच्या एका चाचणीने मृत्यू घटतात हे जगाला कळले. त्याचबरोबर तपासणी न झालेल्या स्त्रियांना ती पद्धत अस्तित्वात आहे हे पुरेसे सांगितले होते काय, या प्रश्नावर पुढे कित्येक वर्षे वाद झाला. त्या भागात तेव्हा नेहमीच्या सेवेत तपासणी नव्हतीच, हे संशोधकांचे उत्तर. नव्हती म्हणून सांगायचे नाही काय, हा आक्षेपकांचा प्रत्युत्तरी प्रश्न. माझ्या मते आक्षेपकांचे म्हणणे अधिक सबळ होते, पण वाचकाने दोन्ही बाजू वाचाव्यात.

संमतीचा विभाग मी मुद्दाम मागे ठेवला आहे, कारण तो अर्जातही जोखमीनंतरच लिहावा. जोखीम ठरल्यावाचून संमतिपत्र लिहिणारा ‘सदर संशोधनाची मला संपूर्ण माहिती देण्यात आली असून माझी काहीएक हरकत नाही’ असा खरेदीखतासारखा मजकूर लिहितो, आणि ज्या प्रदेशात कागदावर अंगठा उठवून पिढ्यान्‌पिढ्या जमिनी गेल्या तेथे त्या भाषेची दहशत काय असते हे विसरतो. खरे तर कागद दोन असतात: माहितीपत्रक, जे तिच्यासाठी असते, आणि संमतिपत्र, ज्यावर तिची सही असते. पहिल्याची भाषा बोलण्याची असावी. आपल्या उदाहरणात ती अशी चालेल:

‘नमस्कार. मी लातूरच्या मेडिकल कॉलेजात शिकणारी डॉक्टर आहे. घरात असा प्रसंग घडल्यावर बायांच्या मनावर आणि तब्येतीवर काय परिणाम होतो, याचा मी अभ्यास करते आहे. मी सरकारी मदतीच्या चौकशीला आलेली नाही. तुम्ही बोललात किंवा नाही बोललात, तरी मदतीच्या प्रकरणात काहीच फरक पडणार नाही. बोलायला पाऊण तास लागेल. काही प्रश्नांनी जुनं आठवून वाईट वाटू शकेल. नको वाटला तो प्रश्न सोडा, नको वाटलं तर मध्येच उठा. कारण मी विचारणार नाही. यातून तुम्हाला लगेच काही फायदा होईल असं नाही. तुम्ही सांगितलेलं मी कुणाला सांगणार नाही. फक्त तुमच्या जिवाला धोका आहे असं मला वाटलं, तर तुम्हाला आधी सांगून मी डॉक्टरांना कळवीन.’

या परिच्छेदातील शेवटचे वाक्य सर्वांत महत्त्वाचे, आणि नमुन्यावरून उतरवलेल्या पत्रकात ते नसते. जोखमीच्या विभागात डॉक्टरांना कळवण्याची व्यवस्था लिहिली आणि पत्रकात ‘आपली माहिती संपूर्ण गोपनीय राहील’ असे वचन दिले, तर दोहोंपैकी एक खोटे आहे. समितीचा सभासद हे दोन परिच्छेद शेजारी ठेवून वाचतो. विद्यार्थिनीनेही अर्ज देण्यापूर्वी तसेच वाचावे.

वाचता न येणाऱ्या स्त्रीबाबत निःपक्ष साक्षीदार लागतो. तो मुलाखतकाराचा सहकारी नसावा आणि सगळे वाचून दाखवले जात असताना हजर असावा, नंतर सहीपुरता बोलावलेला नसावा. येथे पेच असा की साक्षीदार म्हणून गावातला माणूस बसवला की गोपनीयता गेली. तेव्हा तो शेजारच्या गावाहून आणावा, आणि माहिती वाचून झाल्यावर, मुलाखत सुरू होण्यापूर्वी, त्याने निघून जावे. पत्रकाची प्रत तिला द्यावी असा नियम आहे. पण ज्या प्रतीच्या माथ्यावर ‘आत्महत्याग्रस्त’ आणि ‘नैराश्य’ हे शब्द छापले आहेत ती घरातल्या पेटीत सापडली तर तिला काय ऐकावे लागेल? म्हणून पत्रकावर सौम्य, संक्षिप्त शीर्षक द्यावे, विषय तोंडी पूर्णपणे सांगावा आणि हे दोन्ही का केले ते अर्जात लिहावे. न लिहिल्यास समितीला ती लपवाछपवी वाटेल, आणि तसे वाटणे रास्त ठरेल. भाषेचा प्रश्न नांदेडकडे आणखी गुंततो: देगलूर, धर्माबादकडे तेलुगू, शहरांत दखनी उर्दू, तांड्यांवर बंजारा बोली, किनवटच्या डोंगरात गोंडी व कोलामी. मराठीतल्या पत्रकावर तेथे घेतलेली सही ही संमती नव्हे; तेथे त्या बोलीत सांगणारे माणूस लागते, आणि त्याने सांगितलेले तिला कळले की नाही हे पाहण्यासाठी ‘मी कशासाठी आले आहे, तुमच्या शब्दांत सांगा’ असे विचारून घ्यावे लागते. ‘अनुदानासाठी’ असे उत्तर आले, तर पुन्हा पहिल्यापासून.

दुसऱ्याने दिलेली परवानगी आणि संमती यांतील अंतर विसरले म्हणजे काय होते, याचे उदाहरण फार दूरचे नाही. २००९ साली आंध्रातील खम्मम जिल्ह्यात, जो आता तेलंगणात आहे, मुलींना गर्भाशयमुखाच्या कर्करोगावरील लस टोचण्याचा जो प्रकल्प झाला, त्याच्या चौकशीत संसदेच्या स्थायी समितीने २०१३ मध्ये नोंदवले की तपासलेल्या ९,५४३ संमतिपत्रांपैकी २,७६३ पत्रांवर वसतिगृहांच्या अधीक्षकांच्या सह्या होत्या आणि १,९४८ वर अंगठे होते. अधीक्षक, सरपंच, सासरे, मुख्याध्यापक यांची परवानगी आत शिरण्यापुरती असते. संमती त्या व्यक्तीची, आणि अज्ञान मुलांबाबत पालकांची, त्याशिवाय समजत्या मुलाची स्वतःची मान्यता.

गोपनीयतेविषयी एकच गोष्ट सांगतो. नाव काढून टाकले म्हणजे माहिती अनामिक झाली, हा समज शहरी आहे. आठशे वस्तीच्या गावातील बत्तीस वर्षांची विधवा, दोन मुली, पती अमुक साली वारला, एवढ्यावर कोणीही तिचे दार दाखवील. प्रबंधात तालुक्याखाली उतरू नये, वय गटात द्यावे, आणि सांकेतिक क्रमांकांची यादी उत्तरपत्रिकांपासून वेगळ्या कुलुपात, मोबाइलवर नव्हे, ठेवावी.

अर्ज रुजू करण्यापूर्वीची फेरतपासणी सोपी आहे. मुलाखतीला लागणारा वेळ, स्त्रियांची संख्या, जागा, मोबदला आणि संपर्काचे क्रमांक हे पाच तपशील आराखड्यात, अर्जात व पत्रकात समान आहेत काय. पत्रकाच्या प्रत्येक पानावर आवृत्ती व तारीख आहे काय. मराठी पत्रक दुसऱ्याने उलट इंग्रजीत केले तर मूळ अर्थ येतो काय. पत्रकात ‘वीस मिनिटे’ आणि आराखड्यात पाऊण तास, ही विसंगती सर्वांत नित्याची, आणि तीवरून प्रश्नावली कधीच कोणावर चालवून पाहिली नाही हेही कळते. मंजुरीनंतर एखादा प्रश्न किंवा गाव बदलले तरी दुरुस्तीचा अर्ज लागतो, आणि दीर्घ अभ्यासाचा अहवाल निदान वर्षातून एकदा द्यावा लागतो.

या साऱ्यात एक मोठी उणीव उरते. समित्यांची सक्ती जैववैद्यकीय व आरोग्यविषयक संशोधनाला आहे. १९९४ साली स्थापन झालेल्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाच्या चार जिल्ह्यांत किंवा राज्यातल्या इतर कोणत्याही विद्यापीठात समाजकार्य, समाजशास्त्र वा अर्थशास्त्र शिकणारा संशोधक याच स्त्रीकडे, याच अंगणात, यांहून कठीण प्रश्न घेऊन जाऊ शकतो, आणि २०१९ चे ते नियम त्याला असा अर्ज भरावयास लावत नाहीत. त्याने तो स्वेच्छेने भरावा; जवळच्या नोंदणीकृत समितीकडे तशी विनंती करता येते. आणि मार्गदर्शकांना एवढेच सांगणे की आराखडा विद्यापीठाकडे धाडण्यापूर्वी समितीच्या बैठकीची तारीख चिटणिसांना विचारून घ्यावी, कारण मंजुरीपूर्वी घेतलेली एकही मुलाखत मागाहून मंजूर होत नाही.